स्ट्रीक, एक्सपी, लीडरबोर्ड: धडा संपल्यावरच्या त्या स्क्रीनवरचे आकडे नक्की काय मोजतात?

मृण्मयी_वाचते

भाषा शिकायची ॲप्स वापरणारे इथे बरेच जण आहेत म्हणून विचारतेय. मी जर्मन शिकतेय, वर्षाच्या वर झालं. प्रत्येक धडा संपला की एक स्क्रीन येते. आधी ज्वाळेचं चित्र आणि स्ट्रीकचा आकडा, मग या धड्याचे एक्सपी म्हणजे गुण, मग लीडरबोर्ड, त्यात तीसेक जणांच्या यादीत आपलं नाव वर सरकताना दिसतं. आठवडा संपला की वरचे काही जण पुढच्या लीगमधे, तळाचे काही मागच्या लीगमधे.

माझा प्रश्न असा की या आठवड्यात माझे एक्सपी गेल्या आठवड्याच्या जवळजवळ तिप्पट झाले आणि वेळ मात्र साधारण तेवढाच दिला होता. मग तिप्पट एक्सपी म्हणजे तिप्पट काय? तिप्पट शब्द नक्कीच नाही. वाचताना सोपी वाक्यं कळतात पण स्वतःहून चार ओळी लिहायच्या म्हटलं की दुसऱ्या ओळीला अडते, आणि हे सहा महिन्यांपूर्वीही असंच होतं. सगळे आकडे वर जातायत आणि ही एक गोष्ट जागची हलत नाहीये.

मला प्रेरणा नकोय, ती आहे. मला फक्त हे कळायला हवंय की त्या तीन आकड्यांपैकी कुठला आकडा भाषेबद्दल काही सांगतो आणि कुठला नाही.

---

दिगंबर

मृण्मयी, स्ट्रीकला कमी लेखू नकोस. मी साठीनंतर स्पॅनिश सुरू केलं आणि ते टिकलं याचं कारण ती ज्वाळा. त्याआधी पुस्तकं आणून झाली, क्लास लावून झाला, सगळं दोन महिन्यांत बंद. भाषा शिकण्यात निम्म्याहून जास्त लोक गळतात ते भाषा अवघड आहे म्हणून नाही, रोज बसणं होत नाही म्हणून. रोज बसलं की भाषा आपोआप येते, लहान मुलाला कशी येते. एक्सपी बिक्सपी सोडून दे, स्ट्रीक बघ.

---

सायली२१

स्ट्रीकचा विषय निघालाच आहे तर विचारते, माझी मोठी स्ट्रीक विमानप्रवासात गेली!! मी त्या दिवशी धडा केला होता, दुसऱ्या दिवशी उतरल्यावर रात्री करणार होते तर शून्य दाखवतंय. ती परत आणता येते का? कोणी सपोर्टला लिहिलंय का?

---

अनघा

सायली, तू पूर्वेकडे गेली असशील तर तुझा तो दिवसच काही तासांनी लहान झाला. ॲप दिवस मोजतं तो फोनच्या टाइम झोनप्रमाणे, तू उतरलीस तोपर्यंत तिकडची मध्यरात्र उलटून गेली असणार. सपोर्टला लिहून बघ, काही ॲप्स परत देतात. पुढच्या वेळी निघायच्या आधी फ्रीझ घेऊन ठेव.

आता मूळ प्रश्न. मी बरीच वर्षं मोठ्या माणसांना जर्मन शिकवतेय आणि माझ्या वर्गात आता जवळजवळ प्रत्येक जण आधी ॲप करून आलेला असतो, त्यामुळे हा प्रश्न माझ्यासमोर सारखा येतो. तीन आकडे तीन वेगळ्या गोष्टींचे आहेत, एकाच प्रगतीच्या तीन बाजू नाहीत.

स्ट्रीक म्हणजे सलग किती तारखांना निदान एक धडा पूर्ण झाला. धडा दोन मिनिटांचा असो, वर्षभरापूर्वीचा असो, चालतो. शिवाय फ्रीझ लागलेला दिवस साखळी तुटू देत नाही. म्हणजे तो हजेरीचा आकडा आहे, आणि हजेरी म्हणून तो खरा आहे. दिगंबरकाका म्हणतात ते इथवर बरोबर आहे. पण रोज बसलं की भाषा आपोआप येते हे मला पटत नाही काका. लहान मूल दिवसाला दोन मिनिटं बसत नाही, ते जागं असतं तो सगळा वेळ त्या भाषेत असतं आणि त्याला काही हवं असेल तर बोलावंच लागतं.

एक्सपी म्हणजे पूर्ण केलेले धडे गुणिले त्या धड्याचा भाव, आणि तो भाव ॲप ठरवतं. मृण्मयीचं तिप्पट इथेच झालंय असा माझा अंदाज आहे. मृण्मयी, या आठवड्यात डबल एक्सपीचा बूस्ट वापरलास का? आणि जुने धडे परत केलेस का?

---

मृण्मयी_वाचते

हो, दोन्ही. शनिवार रविवार लीगमधून खाली जायची वेळ आली होती म्हणून बूस्ट सुरू करून जुने धडे पटापट केले.

---

अनघा

मग हिशोब मांडून बघ. भाव प्रत्येक ॲपचे वेगळे असतात आणि बदलतही राहतात, त्यामुळे तुझ्या ॲपचे आकडे घालून घे. मी असं धरते की साधा धडा १० एक्सपी, एकही चूक नाही झाली तर वर ५, आणि बूस्ट १५ मिनिटं सगळं दुप्पट करतो.

पहिली पंधरा मिनिटं: बूस्ट चालू, जुना पाठ झालेला धडा, दोन मिनिटांत एक होतो आणि चूक होत नाही. सात धडे होतात. प्रत्येकी १५, दुप्पट ३०, एकूण २१० एक्सपी.

दुसरी पंधरा मिनिटं: बूस्ट नाही, नवीन धडा, त्यात नवीन शब्द आणि टाइप करायची वाक्यं. एकेक वाक्य थांबून वाचतेस, चुकतेस, चुकलेलं शेवटी परत येतं. एका धड्याला सात मिनिटं लागली तर दोन धडे. चूक झाल्यामुळे वरचे ५ नाहीत. एकूण २० एक्सपी.

तेवढीच पंधरा मिनिटं आणि दहापट फरक. आणि पहिल्या पंधरा मिनिटांत तुला आधी येत नव्हतं असं एकही वाक्य डोळ्याखालून गेलं नाही. त्यात ते ५ एक्सपी बघ. चुकलं की ते जातात, म्हणजे जिथे चुकायची शक्यता जास्त तिथे न जाणं हे एक्सपीच्या दृष्टीने शहाणपणाचं ठरतं. नवीन विभक्ती शिकताना तर चुका होणारच, त्या व्हायलाच हव्यात, पण एक्सपीच्या हिशोबात तो तोटा आहे. मला या रचनेबद्दल सगळ्यात जास्त वाईट वाटतं ते याचं.

---

रानवारा

हे सगळं पटलं तरी लीडरबोर्डबद्दल थोडं बोलू द्या. मी जपानी करतो. लीग नसती तर मी आठवड्याला तासभर केलं असतं, लीगमुळे तीन तास होतात. त्यातला अर्धा वेळ एक्सपी गोळा करण्यात गेला असं धरलं तरी दीड तास उरतोच ना? एका तासापेक्षा दीड तास जास्तच आहे.

---

पुष्कर_म

रानवारा, हिशोब बरोबर आहे पण तो उरलेला दीड तास खरंच नवीन गोष्टींवर जातोय का हे तपासायला हवं, ते गृहीत धरता येत नाही.

मी सॉफ्टवेअरवाला आहे, भाषेचं ॲप बनवत नाही पण असल्या आकड्यांशी रोजचा संबंध आहे. लीडरबोर्डबद्दल दोन गोष्टी सांगतो. एक म्हणजे तुमच्या गटातले तीस जण तुमची भाषा शिकणारे नसतात, तुमच्या पातळीचे तर नसतातच. कोणी आधीच येत असलेल्या भाषेचा पहिला भाग झपाझप करतोय, कोणी तुमच्यासारखं अडखळत नवीन शिकतोय, एक्सपी दोघांचे एकाच रांगेत. दुसरं म्हणजे गट दर आठवड्याला बदलतो. सारखेच एक्सपी करून तुम्ही एका आठवड्यात तिसरे याल आणि पुढच्या आठवड्यात अठरावे. तुमच्यात काहीच बदल झालेला नसताना हलणारा आकडा तुमची प्रगती मोजत नाही हे उघड आहे. तो त्या तीस जणांचा आठवडा मोजतो.

आता मला जास्त महत्त्वाचं वाटतं ते. भाषेबद्दल खरंच काही सांगणारा आकडा या ॲप्सच्या पोटात असू शकतो, फक्त तो त्या स्क्रीनवर येत नाही. ड्युओलिंगोच्या सेटल्स आणि मीडर या दोघांनी २०१६ साली एक पेपर प्रसिद्ध केला होता, हाफ लाइफ रिग्रेशन नावाच्या पद्धतीवर. कल्पना सोपी आहे. प्रत्येक शब्दाला तुमच्यापुरतं एक अर्धआयुष्य असतं, म्हणजे इतके दिवस तो शब्द दिसला नाही तर आठवायची शक्यता निम्म्यावर येते. सूत्र एवढंच:

```
p = 2^(-Δ/h)
```

Δ म्हणजे शब्द शेवटचा दिसून किती दिवस झाले, h म्हणजे अर्धआयुष्य, p म्हणजे आज आठवायची शक्यता. नव्या शब्दाचं अर्धआयुष्य ३ दिवस असेल आणि ६ दिवस तो दिसला नाही तर शक्यता २५ टक्के. बरोबर आठवलात की h वाढतं, चुकलात की कमी होतं.

हे घेऊन स्ट्रीककडे बघा. ३ दिवसांचा शब्द काल बघितला तर आज ७९ टक्के. मधे एक दिवस सुटला तर ६३. फरक आहे, पण भरून निघण्यासारखा. ३० दिवसांच्या मुरलेल्या शब्दाचं तर एक दिवस सुटल्याने दोन टक्के इकडेतिकडे. आणि त्याच एका दिवसात स्ट्रीक काही शेवरून शून्यावर येते. स्मृती हळूहळू उतरते आणि स्ट्रीक एकदम कोसळते, म्हणून ती गेल्याचं दुःख शिकलेलं गेल्यासारखं वाटतं, प्रत्यक्षात शिकलेलं जवळजवळ सगळं जागेवर असतं. सायली, हे तुमच्यासाठी पण.

अनघाताईंच्या पहिल्या पंधरा मिनिटांचं पण उत्तर यात मिळतं. ३० दिवस टिकणारा शब्द दुसऱ्याच दिवशी परत केला तर तुम्ही ९८ टक्के माहीत असलेली गोष्ट विचारून घेताय. त्यातून नवीन जवळजवळ काहीच कळत नाही, ना तुम्हाला ना ॲपला.

---

सायली२१

थँक्स पुष्कर, हे वाचून खरंच बरं वाटलं. सपोर्टला लिहिलंय, बघू.

---

तन्मय_डी

म्हणूनच मी म्हणतो अंकी हे फ्लॅशकार्डचं ॲप वापरा. तिथे लीग नाही, एक्सपी नाही. आकडेवारीत खरा रिटेन्शन टक्का दिसतो. माझा नव्वदच्या आसपास असतो, म्हणजे मला नव्वद टक्के शब्द येतात. संपला विषय.

---

पुष्कर_म

तन्मय, नव्वद टक्के शब्द येतात असा त्याचा अर्थ नाही होत. जी कार्डं त्या काळात समोर आली त्यातली नव्वद टक्के तुम्ही बरोबर म्हणून दाबलीत एवढाच होतो. आणि तो आकडा नव्वदच्या आसपास असणार कारण वेळापत्रकच तसं लावलेलं असतं. नव्या पद्धतीत आपणच किती टक्के हवं ते सेट करतो, सेटिंग ऐंशी केलं तर आकडा ऐंशीकडे येईल, आणि तुम्ही काही कमी शिकलात असं होणार नाही. बरोबर चूक ठरवणारे पण आपणच. आकडा एक्सपीपेक्षा कितीतरी चांगला आहे हे मात्र मान्य.

---

अनघा

पुष्कर, अर्धआयुष्याचा मुद्दा छान मांडलात. पण शिक्षक म्हणून मला तिथेच एक भोक दिसतं. शब्द आठवला हे ॲप कशावरून ठरवतं? बहुतेक वेळा समोरच्या ठोकळ्यांतून बरोबर ठोकळा दाबला यावरून. ते ओळखणं झालं, आठवणं नाही.

एक वाक्य घ्या. मी उद्या माझ्या मित्राला भेटतेय. जर्मनमधे इश ट्रेफं मॉर्गन माइनन फ्रॉइंट. यात शिकण्यासारखी खरी गोष्ट म्हणजे माइनन मधला शेवटचा न, मित्र पुल्लिंगी आणि कर्म आहे म्हणून तो लागतो. ठोकळ्यांच्या व्यायामात माइनन आयता तयार मिळतो. माइन, माइनं, माइनम हे बाकीचे पर्याय ठोकळ्यांत नसतील तर तुम्ही काहीच ठरवलेलं नसतं. त्यात वाक्याचा पहिला ठोकळा कॅपिटल अक्षराने सुरू होतो म्हणून सुरुवात कुठे ते कळतं, जर्मनमधे नामंही कॅपिटल म्हणून तीही कळतात. उरलेले दोन तीन ठोकळे लावले की हिरवी पट्टी. ॲपच्या दृष्टीने तुम्हाला कर्मकारक आलं. तेच वाक्य कोऱ्या कागदावर लिहायला सांगा, वर्गातले निम्म्याहून जास्त जण माइन लिहितात, आणि यांची त्या भागाची सगळी चिन्हं सोनेरी झालेली असतात.

मृण्मयी, तू दुसऱ्या ओळीला अडतेस ते यामुळे असेल असं मला वाटतं. खात्री करायची असेल तर एक चाचणी सांगते. निदान महिन्याभरापूर्वी संपवलेल्या भागांतून ४० शब्द काढ, आवडीचे निवडू नकोस, यादी घेऊन दर पाचवा वगैरे असे काढ. नामं असतील तर आर्टिकलसकट. मग तीन वेळा कर, पण तीन वेगवेगळ्या दिवशी आणि याच क्रमाने. पहिल्या दिवशी मराठी अर्थ बघून जर्मन शब्द लिहायचा. दुसऱ्या दिवशी कोणाकडून तरी किंवा रेकॉर्डिंगवरून शब्द नुसता ऐकायचा आणि अर्थ सांगायचा. तिसऱ्या दिवशी जर्मन शब्द वाचून अर्थ. सगळ्यात अवघड आधी, कारण उलटं केलंस तर वाचताना बघितलेले शब्द लिहिताना मदत करतील. आणि तिन्ही होईपर्यंत उत्तरं तपासू नकोस.

---

दिगंबर

अनघाताई, हे मी पण करून बघतो स्पॅनिशवर. एक विचारू का, स्पेलिंगची बारीक चूक चालेल का?

---

अनघा

चालेल काका, एखाद्या अक्षराची. फक्त काय चालेल ते आधी ठरवा आणि पुढच्या वेळी तोच नियम ठेवा. आर्टिकल मात्र वेगळं मोजा.

---

मृण्मयी_वाचते

केली चाचणी, म्हणून धागा वर काढतेय. ४० शब्द, सगळे पूर्ण झालेल्या भागांतले.

वाचून अर्थ: ३६ बरोबर.
ऐकून अर्थ: २७.
अर्थावरून लिहिणं: १४. त्यात २५ नामं होती, त्यातली ९ लिहिता आली, आणि आर्टिकलसकट बरोबर फक्त ५.

म्हणजे ॲपला जे ४० शब्द येतात असं वाटतं त्यातले मला वाचताना जवळजवळ सगळे येतात आणि लिहिताना एक तृतीयांश. माझ्या मनात जे होतं ते आकड्यात दिसलं. आता पुढचा प्रश्न, हीच चाचणी दर आठवड्याला केली तर हा माझा खरा एक्सपी होईल का?

---

पुष्कर_म

दर आठवड्याला नका करू, सांगतो का. ४० पैकी १४ म्हणजे ३५ टक्के, पण हा ४० शब्दांचा नमुना आहे. दुसरे ४० काढले असते तर ११ आले असते किंवा १७ पण आले असते. इतक्या लहान नमुन्यावरून एवढंच म्हणता येतं की खरा आकडा साधारण २० ते ५० टक्क्यांच्या मधे कुठेतरी आहे. पुढच्या आठवड्यात १७ आले तर प्रगती झाली असं म्हणता येणार नाही, १२ आले तर घसरण झाली असंही नाही. वाचून ३६ आणि लिहून १४ यातला फरक मात्र इतका मोठा आहे, आणि शब्दही तेच आहेत, त्यामुळे तो योगायोग नाही हे नक्की.

दुसरं, तेच शब्द परत वापरू नका. आठवायचा प्रयत्न केल्याने गोष्ट जास्त पक्की होते, रोडिगर आणि कार्पिकी यांचा २००६ चा प्रसिद्ध प्रयोग आहे, नुसतं परत वाचणाऱ्यांपेक्षा चाचणी देणाऱ्यांना आठवड्यानंतर जास्त आठवलं. म्हणजे ज्या ४० शब्दांची चाचणी घेतली ते आता तुमचे इतर शब्दांपेक्षा पक्के झाले, ते बाकीच्या यादीचं प्रतिनिधित्व करत नाहीत. दोन अडीच महिन्यांनी नवे शब्द काढा, जमलं तर ४० ऐवजी १००.

---

रानवारा

मी पण केली, जपानीवर, आणि माझा निकाल उलटा आलाय. लिहिताना मी काना ही उच्चाराप्रमाणे लिहायची लिपीच टाइप करतो, कांजी म्हणजे चिनीतून आलेली चिन्हं, ती धरली नाहीत. ऐकून सगळ्यात चांगलं, लिहून त्याच्या थोडंच खाली आणि कांजी वाचून अर्थ सगळ्यात वाईट. माझ्या ॲपमधे बहुतेक व्यायामात आवाज आपोआप वाजतो, त्यामुळे मी कांजी वाचतच नव्हतो, कानाने उत्तर देत होतो. आवाज बंद करून धडा केला तर दुप्पट वेळ लागतो आणि चुका भरपूर.

लीगबद्दल पण सांगतो. दोन आठवडे मी वेळ लिहून ठेवला, नवीन धड्यांचा वेगळा आणि जुन्यांचा वेगळा. पहिल्या आठवड्यात नवीन धड्यांवर तास सव्वा तास गेला. दुसऱ्यात माझ्या गटात एक जण फार पुढे होता, तर नवीन धड्यांवर वीसेक मिनिटं आणि बाकी सगळं जुनं. एकूण वेळ दुसऱ्या आठवड्यात जास्त होता! म्हणजे पुष्करने विचारलं ते बरोबर होतं, पण पहिल्या आठवड्यापुरतं माझंही बरोबर निघतं. स्पर्धा मवाळ असली तर लीग फायद्याची, चुरस वाढली की नुकसान. मी अजून बंद केलेली नाही.

---

मृण्मयी_वाचते

मी केली. प्रोफाइल प्रायव्हेट केलं की माझ्या ॲपमधे लीडरबोर्ड जातो. आणि ठोकळ्यांच्या खाली कीबोर्ड वापरायचं एक छोटं बटण आहे ते कायमचं सुरू ठेवलंय. धड्याला जवळजवळ दुप्पट वेळ लागतो, एक्सपी एकदम खाली आलेत. पण आर्टिकल टाइप करावंच लागतं त्यामुळे प्रत्येक नामाला थांबून विचार करावा लागतो, आधी कधी थांबलेच नव्हते.

अजून एक, माझ्या ॲपमधे आता या भागावर बी१ असं लिहून येतंय. ते कितपत धरायचं?

---

अनघा

ते अभ्यासक्रमाचं लेबल आहे, तुझं नाही. युरोपच्या काउन्सिलने २००१ मधे ज्या पातळ्या प्रसिद्ध केल्या त्या सगळ्या, हा माणूस या भाषेत काय करू शकतो, अशा वाक्यांत आहेत. ए१ ला स्वतःची ओळख करून देता येते, बी१ ला ओळखीच्या विषयावर सलग सोपा मजकूर तयार करता येतो, अनुभव सांगता येतो. ॲप जेव्हा बी१ म्हणतं तेव्हा त्याचा अर्थ या भागातले शब्द आणि व्याकरण साधारण त्या पातळीला लागणारे आहेत. तू तो भाग संपवलास म्हणजे तो मजकूर तुझ्यासमोरून गेला.

बी१ खरंच आहे का ते बघायचं असेल तर गटे इन्स्टिट्यूटच्या परीक्षांचे नमुना पेपर त्यांच्या साइटवर फुकट आहेत. वाचणं, ऐकणं, लिहिणं आणि बोलणं असे चार भाग, आणि चारही वेगळे तपास, बेरीज करू नकोस. माझ्या अंदाजाने तुझं वाचन ए२ च्या पुढे असेल आणि लेखन ए१ च्या आसपास. रानवारा, जपानीच्या जेएलपीटी परीक्षेत बोलण्याचा आणि स्वतः लिहिण्याचा भागच नसतो, त्यामुळे तिथलं प्रमाणपत्रही याच बाबतीत काही सांगणार नाही.

---

दिगंबर

माझा निकाल: वाचून ३८, ऐकून ३१, लिहून २२. लिहिण्यात मृण्मयीपेक्षा बरा आलाय. मी प्रत्येक धड्यानंतर वहीत पाच वाक्यं लिहितो, ॲपने सांगितलेलं नाही, जुनी शाळेची सवय. त्याचा परिणाम असावा. अनघाताई, रोज बसलं की आपोआप येते हे मी मागे घेतो, पण वही उघडली जाते ती ज्वाळेमुळेच, ॲप उघडलं नसतं तर वहीही उघडली नसती. ते मी सोडणार नाही.

---

अनघा

सोडूच नका काका. स्पॅनिशचे बरेच शब्द इंग्रजीशी जुळतात त्याचाही थोडा भाग असेल, पण वहीचा नक्की आहे.

---

तन्मय_डी

वाचन लेखन मोजता आलं, बोलण्याचं काय? माझी खरी गरज ती आहे. ॲपचा मायक्रोफोन मी काहीही पुटपुटलो तरी बरोबर देतो.

---

अनघा

मी वर्गात असं करते: विषय देते, तयारीला एक मिनिट, मग दोन मिनिटं न थांबता बोलायचं आणि रेकॉर्ड करायचं. दोन महिन्यांनी तोच विषय परत. मग दोन्ही ऐकून किती पूर्ण वाक्यं झाली ते मोजायचं.

---

पुष्कर_म

पण तोच विषय परत दिला तर तो विषय पाठ झाल्याचं मोजलं जाईल, बोलणं सुधारल्याचं नाही. वेगळा विषय दिला तर तो सोपा होता की अवघड हे कळणार नाही.

---

अनघा

हो, ही अडचण खरी आहे. मी दोन विषय ठेवते, एक तोच आणि एक नवा, आणि नव्या विषयावरचे दोन रेकॉर्डिंग दुसऱ्या शिक्षकाला ऐकायला देते, तारीख न सांगता, यातलं आधीचं कुठलं ते ओळखायला. बहुतेक वेळा ओळखता येतं. एकट्याने शिकणाऱ्याने हे कसं करायचं याचं चांगलं उत्तर मला अजून मिळालेलं नाही. कोणी काही करून बघितलं असेल तर लिहा.

---

रानवारा

मी आणि तन्मय एकमेकांची रेकॉर्डिंग ऐकू शकतो का? भाषा वेगळ्या आहेत पण अडखळणं तर कळेल, शब्द कळले नाही तरी.

---

तन्मय_डी

चालेल. मी फ्रेंच करतो. रविवारी पहिलं पाठवतो, विषय तू दे.